गुरुजींचा चष्मा आणि माझी उन्हातली शिक्षा

चौथीत असताना रंगीत खडूंचा डबा चोरल्याच्या संशयावरून गुरुजींनी मला शाळा सुटेपर्यंत उन्हात उभं केलं होतं. डबा मी घेतला नव्हता. ही गोष्ट मी पन्नाशीतही विसरलो नाही, यावरून माझा स्वभाव कळेल.

गुरुजींना पंचाहत्तर लागली तेव्हा आमच्या वर्गाच्या ग्रुपने त्यांची मुलाखत घ्यायचं काम माझ्यावरच टाकलं. लग्नांचं शूटिंग करतो म्हणून. मी लगेच हो म्हटलं, कारण एक प्रश्न मला विचारायचाच होता. ग्रुपची अट एकच होती: ज्या डोळ्यांना आम्ही टरकायचो, ते डोळे दिसले पाहिजेत.

पिंपळगाव राजा या आमच्या गावच्या शाळेसमोर, नावाची पाटी मागे दिसेल अशीच खुर्ची ठेव, असं गुरुजींनी फर्मावलं. सूर्य पाटीच्या बाजूनेच वर चढलेला. मोबाइलमध्ये चेहरा काळवंडला आणि त्यावरून उन्हाचा पांढरा पट्टा आडवा गेला. चेहरा उजळावा म्हणून समोर पांढरी चादर टांगली, तर ती चष्म्यात दोन चौकोनी खिडक्या होऊन बसली. मग चादर बाजूला सरकवली, चष्म्याच्या काड्या कानावर जराशा उचलल्या, काचा किंचित खाली झुकल्या आणि डोळे दिसले. पट्टा मात्र हटेना. शेवटी मोबाइलच्या स्टँडशेजारी उभा राहून मी शाळेतलं जुनं हजेरीपुस्तक चित्राच्या चौकटीबाहेर धरलं. त्याची सावली लेन्सवर पडली आणि चित्र स्वच्छ झालं. ऊन तेवढं माझ्या डोक्यावर.

तासभर गुरुजी गावच्या शाळेबद्दल बोलले. मी घामाघूम, आणि मनात तोच प्रश्न. तो विचारायची वेळच आली नाही. गुरुजींनीच बोलता बोलता मला विचारलं,

"काऊन बे, उन्हात काऊन उभा हायेस? सावलीत ये ना."

मी हटलो तर कॅमेऱ्यात ऊन येतं, असं सांगितलं.

"चौथीत तुले असंच उभं केलं होतं मी. तो डबा माह्याच कपाटात निघाला, त्याच दिवशी संध्याकाळी. तुले सांगाची लाज वाटली."

डब्याचं नाव ऐकलं तेव्हाच माझा हात खाली आला होता. हजेरीपुस्तकही.

घरी बघतो तर नेमक्या डब्याच्या वाक्यावर पांढरा पट्टा, गुरुजींचे डोळे गायब. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच मी स्वतःच्या हाताने घालवलं. दुसऱ्या दिवशी फोन करून पुन्हा बोलाल का, असं विचारलं. मी वर्गातही एक गोष्ट दोनदा सांगत नव्हतो, असं गुरुजी म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

ग्रुपवाल्यांचं म्हणणं, तेवढा भाग खराब आहे, कापून टाक. बाकी सगळं त्यांच्या सांगण्याप्रमाणे कापलं. तेवढं ठेवलं. आवाज स्वच्छ आहे.