पाच पूर्णांक चार कशाचे?

संध्या खरात मूळची गंगापूरची. उस्मानपुऱ्यातल्या एका लहान सल्लागार कार्यालयात ती इंग्रजी अहवालांचं मराठी करायची. २०१६ च्या दुष्काळात तिच्याकडे शहराच्या कडेला वाढलेल्या एका वस्तीचा पाणी-अहवाल आला. मजकुरात लिहिलं होतं, रोजची गरज ५.४ लाख लिटर. तक्त्यात होतं ५.४ मिलियन. मिलियन म्हणजे दहा लाख, म्हणजे तक्त्याप्रमाणे ५४ लाख. यातलं खरं कोणतं, या विचारानं तिचं पुढचं पानच सरकेना.

वर्षाच्या तक्त्यात १.९७१ बिलियन लिटर होते. बिलियन म्हणजे शंभर कोटी, म्हणून ते झाले १९७ कोटी १० लाख. तिनं ३६५ नं भागलं, तर दिवसाला बरोबर ५४ लाख आले.

तिनं अहवाल लिहिणाऱ्या मंदारसरांना दाखवलं. ते म्हणाले, "दोन्ही तक्ते मीच केलेत. दोन्हीकडं चुकलो असेन तर?"

हे तिला पटलं. तिनं वस्तीची लोकसंख्या शोधली. ती होती चाळीस हजार.

"सर, ५४ लाख धरले तर माणशी १३५ लिटर येतात. ५.४ लाख धरले तर साडेतेरा. गावाकडं टँकरवर होतो तेव्हाबी एवढ्यात भागलं नाय."

"१३५ धरूनच गरज काढली होती मी," मंदारसर म्हणाले. "मजकुरात लाख चुकून पडलं. अजून कुठं असं झालंय?"

संध्याला तेच बघायचं होतं. संध्याकाळपर्यंत तिला आणखी दोन जागा सापडल्या. मग तिनं सगळा अहवाल लाख-कोटींत आणला.