पाटीवरची तीन मशिनं

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका भाड्याच्या हॉलच्या फाटकाशी मी पत्रकं घेऊन उभी होते. आत शिलाई मशिनांचा सेल लागला होता. फाटकावर कापडी फलक होता, ‘शेवटचे दोन दिवस’. तो आठवडाभर तसाच होता. वाऱ्याने त्याचा एक कोपरा फाटला, पण दोन दिवस काही संपले नाहीत.

‘घाईच्या सेलला भुलू नका’ असं ते पत्रक आम्ही साताऱ्यात छापून घेतलं होतं. आम्ही म्हणजे तिथली पाचसहा कॉलेजची पोरं-पोरी. मी शिकायला सांगलीला आले आणि सांगलीची शाखा म्हणजे मी एकटी झाले. खोलीवर बोलायला कुणी नसायचं. फाटकाशी निदान ‘घ्या’ एवढं तरी दिवसभर म्हणता यायचं. लोक पत्रक घेत आणि पुढच्या वळणावर त्यात शेंगदाणे बांधून घेत.

राग मला त्यांचा येत नव्हता. राग येत होता आत टेबलावर ठेवलेल्या गजराच्या घड्याळाचा. दुकानदार त्याला किल्ली द्यायचा आणि सांगायचा, घंटा होईपर्यंत सवलतीचा भाव, घंटा झाली की चढा. घड्याळाशेजारी पाटी, तिच्यावर खडूने लिहिलेलं: ‘फक्त ३ मशीन शिल्लक’. माझ्या डोळ्यांदेखत टांग्यातून मशिनं गेली, रोज गेली. पाटीवर तीन ते तीनच. मागे हिरवा पडदा होता. पडद्यामागून खोकी सरकवल्याचा आवाज फाटकापर्यंत ऐकू यायचा.

आणि लोक का घाबरतात तेही मला कळत होतं. रॉकेलच्या रांगेत आपला नंबर आला की पिंप रिकामं. डालडा आज आहे, उद्या नाही. साखरेचं तेच. टंचाई खरी होती, म्हणूनच तर खोटी टंचाई खपत होती. असल्या भीतीवर धंदा करणाऱ्याला मी लबाड म्हणते. तेव्हाही म्हणत होते, तोंडावर.

त्या दुपारी कुंडलचे एक आबा आणि त्यांची सून आली. आबांच्या धोतराच्या काठाला हळद लागलेली. सकाळी मार्केट यार्डात हळदीचा सौदा करून ते तसेच आले होते. मुलगा फौजेत. सून आईकडे शिवण शिकलेली, आणि गावात ब्लाऊज शिवून द्यायचे म्हणून आबांनी कबूल केलेलं की यंदाच्या हळदीतून मशीन घेऊ. हे सगळं त्यांनी मला फाटकाशीच सांगितलं, कारण मी आडवी उभी होते.

“दुसरं काय यंदा व्हायचं न्हाई,” आबा म्हणाले. “हे एकच. तवा सर बाजूला, पोरी, घंटा हुईल.”

मी बाजूला झाले नाही. त्यांच्या मागोमाग आतच गेले.

दुकानदाराने मला बघून न बघितल्यासारखं केलं. खुर्च्या पुढे सरकवल्या. “या आबा. तीनच राहिलीत. घंटा व्हायला आली बघा.”

आबांचा हात कोपरीच्या खिशाकडे गेला. जत्रेत बैल घेताना हाच माणूस दोन दिवस दात बघेल, चालवून बघेल, चहा पिऊन परत येईल. इथे घड्याळ टिकटिकलं आणि ते सगळं गेलं.

“आबा, बाहेर चला,” मी म्हणाले. “इथं फसवतात.”

“फसवत्यात म्हणून सौद्यातनं उठू? यार्डात घंटा झाली की बोली. तवा जो गप बसला त्याचा माल गेला. ही काय आजची रीत हाय?”

मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांना लोभ सुटला नव्हता. त्यांच्या लेखी घंटा म्हणजे बाजाराचा शब्द होता, आणि तो मोडणं हलकटपणाचं. पत्रकातलं एकही वाक्य इथे चालणार नव्हतं.

“यार्डात तुमची हळद कुठं असते?”

“कुठं म्हंजी? पुढ्यात. ढीग मांडल्याला असतो, समद्यांस्नी दिसतो.”

“मग इथला ढीग कुठाय? तीन म्हणतात. दाखवा म्हणा तीन.”

दुकानदार हसला. “ताई, तुम्ही मशीन घेणार आहात का? नाही ना? मग गिऱ्हाइकाला बोलू द्या.”

सुनेने पिशवीतून खणाचा तुकडा काढला. “शिवून बघते की जरा. दोरा हाय माझ्याकडं.”

“वहिनी, पाचदहा मिनिटं जातील. घंटा झाली तर मला दोष देऊ नका.”

सुनेने आबांकडे बघितलं. आबांनी घड्याळाकडे बघितलं. मी खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “होऊ दे घंटा. आपण तिघं बसून ऐकू. भाव चढला तर चढला, मशीन काय उडून जातंय?”

“लय तिखट हाय ही,” आबा सुनेला म्हणाले. पण बसले.

घंटा झाली. बराच वेळ वाजत राहिली, कारण ती बंद करायला कुणी हात पुढे केला नाही. मग ती आपोआप थकली. दुकानदार म्हणाला, “गेला भाव.” आबांचा चेहरा पडला. सून खणाचा तुकडा बोटांना गुंडाळत राहिली. तेवढ्या वेळात मला फार एकटं वाटलं. ते मशीनशिवाय परत गेले असते, तर माझ्या नावाने ते घर वर्षभर बोटं मोडत बसलं असतं.

दारातून एक जोडपं आलं. दुकानदाराचा हात सवयीने घड्याळाकडे गेला. त्याने किल्ली दिली, काटा फिरवला. “या, या. तीनच राहिलीत. घंटा होईपर्यंत सवलत.”

आबा सावकाश उठले. त्या जोडप्याला म्हणाले, “आवं पावनं, आमच्या बी वक्ताला तीनच हुती.”

घड्याळ तेवढं चालत होतं.

आम्ही तिघं बाहेर आल्यावर मी एका दमात सांगितलं: घरून काय हवं ते ठरवून निघा, दोन दुकानं हिंडा, शिवल्याशिवाय घेऊ नका, दुरुस्तीला माणूस कुठे मिळतो ते विचारा, पावती घ्या. ‘शेवटचं’ म्हणाले की विचारा, उद्या काय भाव. मिरजेला आबांच्या ओळखीचं दुकान होतं.

“तुमी बी चला की,” सून म्हणाली. “भाकरी हाय संगं.”

मी म्हणाले, इथं कुणीतरी उभं राहायला पाहिजे. ते खरंच होतं. तरी त्यांची एसटी मिरजेकडे गेल्यावर मी बराच वेळ त्या भाकरीचा विचार करत होते.

ऊन उतरल्यावर मिरजेहून येणारी एसटी समोरच्या थांब्यावर थांबली. टपावर मशीनचं लोखंडी स्टँड पाय वर करून बांधलेलं. खिडकीत सून, मांडीवर लुगड्यात गुंडाळलेलं मशीन. तिने खणाचा तुकडा बाहेर धरला.

“सरळ पडली शिवण,” ती म्हणाली.

मी काही म्हणेपर्यंत गाडी सुटली.

हॉलला कुलूप लावून दुकानदार माझ्यापाशी आला. “दिवसभर उभ्या आहात,” तो म्हणाला. “खाल्लंत का काही?”

सांगलीत त्या आठवड्यात मला हे विचारणारा तो एकटाच माणूस. मी त्याच्या हातात पत्रक ठेवलं. त्याने ते घडी घालून खिशात टाकलं आणि सायकलवर टांग मारली.