ज्याचं कर्ज त्याच्या डोक्यावर

नेवेंका स्कोब्लार ताकही फुंकून पिणारी बाई. का नाही पिणार? पहिल्या नवऱ्याने घटस्फोटात ऑस्ट्रेलियातल्या कॉफिन बेमधल्या तिच्या कालवांच्या शेतीची अर्धी किंमत वसूल केली होती. ती चुकती करताना तिने मोठी बोट विकली, आणि पुढची कितीतरी वर्षं ती पहाटेच्या गार पाण्यात एकटीच कालवांच्या टोपल्या ओढत राहिली.

म्हणून बोटदुरुस्तीचा कारखाना चालवणाऱ्या कॅलम ट्रेलोअरने लग्नाचं विचारलं, तेव्हा तिने स्पष्ट सांगितलं, "आधी करार. माझी शेती माझी, तुझा कारखाना तुझा. आपापली कमाई आपापली. ज्याचं कर्ज त्याच्या डोक्यावर. नवं घर तेवढं दोघांचं."

"बरं," कॅलम म्हणाला. हा गडी मुळातच अबोल.

तिला तर एकाच वकिलात भागवायचं होतं. तिच्या वकील, पोर्ट लिंकनच्या फिलिपा हेन्चकेबाई कडाडल्या, "वेडी का गं तू? दोघांना दोन वकील, आणि दोघांचा सल्ला वेगवेगळा! नाहीतर उद्या कोर्टात हा करार टिकायचा नाही. आणि आपल्याकडे काय आहे, कुणाचं काय देणं आहे, ते दोघांनीही सगळं उघड करायचं."

सगळं उघड करायचं म्हटल्यावर नेवेंकाने कॅलमला सळो की पळो करून सोडलं. "वेल्डिंग मशीन लिहिलंस? आणि ती जुनी क्रेन? लपवू नकोस हं माझ्यापासून!" बिचाऱ्याने गळकी होडीसुद्धा लिहिली.

आणि मग फिलिपाबाईंनी तिला एकटीला बोलावलं.

"देणं काही नाही म्हणतेस. मी सरकारी नोंदी तपासल्या. तुझ्या शेतीच्या कंपनीच्या सगळ्या मालमत्तेवर बँकेचा बोजा आहे, नेवेंका. तुझ्या भावाच्या, म्लादेनच्या, सार्डिन मासे पकडायच्या बोटीच्या कर्जासाठी. तू स्वतःही जामीन आहेस."

नेवेंका उसळली. "मी? छे! मी बँकेची पायरीसुद्धा चढले नाही!"

"सही तुझीच आहे. म्लादेनने हप्ते थकवले, तर बँक तुझ्या शेतीवर येईल. आणि हे लपवून करार केलास, तर पुढे कोर्ट तो रद्द करू शकतं. कॅलमला सांगावंच लागेल."

सही! चार वर्षांपूर्वीचं ईस्टरचं जेवण. भाजलेलं कोकरू कापून झालं, आणि ताताने, म्हणजे तिच्या बापाने, ताटं सरकवून कागद पुढे केले. स्कोब्लारांच्या घरात हीच रीत होती. वर्षाचे कागद सणाच्या टेबलावर यायचे, आणि ताता बोट ठेवेल तिथे सगळ्यांनी सही करायची. वाचणं म्हणजे बापावर अविश्वास! परक्याच्या कागदातला स्वल्पविराम शोधणाऱ्या बाईने तिथे एक ओळ वाचली नव्हती.

ती तडक बापाकडे गेली.

"ताता, माझी शेती गहाण टाकलीस? मला न सांगता?"

"ओरडतेस काय? भावासाठी केलंस. घरच्यांत कसलं सांगायचं नि विचारायचं!"

"पहिल्या नवऱ्याने निदान अर्धीच नेली होती, ताता! तू सगळीच दिलीस!"

म्हाताऱ्याला खरोखर कळत नव्हतं, ही पोरगी एवढी का पेटलीय. ते बघून नेवेंकाच्या लक्षात आलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो आपण! कॅलमच्या होडीचं भोक मोजत बसलो, आणि आपलं घर इकडे सताड उघडं.

आता कॅलमला कुठल्या तोंडाने सांगायचं? तो म्हणेल, मला पिळून काढलंस आणि स्वतः एवढं दडवलंस. लग्न मोडलं तरी बोलायला जागा नव्हती.

कॅलम कारखान्यात इंजिन उघडून बसला होता. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, रडत, बापाला शिव्या देत. त्याने तेलकट हात पुसले.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय?"

"म्लादेनची बोट दुरुस्तीला आली होती हिवाळ्यात. बढाया मारत होता. म्हणे, नेवेंकाची कालवं उभी आहेत माझ्या पाठीशी."

"आणि तू गप्प बसलास? मी यादीत काही लिहिलं नाही, तरीही?"

"मला वाटलं, तुला माहीत आहे. सांगायची लाज वाटत असेल."

नेवेंका तिथल्याच एका टायरवर बसली. आपली होणारी बायको आपल्याला फसवतेय, असं समजून हा माणूस इतके महिने यादी भरत होता. क्रेन लिहीत होता. होडी लिहीत होता.

"अरे, मग करारावर सही कशाला करणार होतास?"

कॅलमने इंजिनात डोकं घातलं. "लग्न तुझ्याशी करायचं होतं ना," तो आतूनच म्हणाला.