मिरच्यांसोबत आलेलं पत्र

कासिल्दा कपात आधी साखर घालायची, मग चहा. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. सूप संपलं की चमचा पालथा ठेवायची. मांजराला सुद्धा "येऊ का आत?" विचारून स्वयंपाकघरात शिरायची. आणि रोज संध्याकाळी एका छोट्या वहीत एकच ओळ लिहायची. ती ओळ कुणाला दाखवायची नाही.

ती पादिय्या गावच्या दवाखान्यात मदतनीस. वय एकेचाळीस. लसीकरण शिकायला सहा आठवडे सुक्रे शहरात आली आणि आमच्याकडे राहिली. आई अठरा वर्षं शिकणाऱ्यांना घरात ठेवत आलीय. पण यंदा तिनं जाहीर केलं होतं, "ही शेवटची. माझे गुडघे आता कुणाच्या नाश्त्यासाठी उठणार नाहीत."

जाणाऱ्या प्रत्येकाची चिठ्ठी आई बिस्किटांच्या डब्यात टाकते. "तुम्ही मला दुसरी आई होतात." सगळ्यांत हेच. आई म्हणते, "अठरा वर्षांत मला चाळीस लेकरं झाली, आणि एकालाही माझं जेवण आठवत नाही."

शेवटच्या आठवड्यात कासिल्दानं मला गाठलं. "तू साहित्य शिकलीयस. आभाराचं पत्र कसं लिहायचं, सांग की."

मी लगेच लिहून दिलं. त्यात छाया देणारं झाड होतं, न विझणारा दिवा होता. तिनं ते दोनदा वाचलं.

"छान आहे गं. पण हे कुणाच्याही घरी पाठवता येईल."

मी जरा दुखावले. मग म्हटलं, "निदान शेवटी नोएमीचं लिही." नोएमी तिची मुलगी. पुढच्या वर्षी विद्यापीठात येणार होती आणि कासिल्दाला ती आमच्याच घरी राहावी असं फार वाटत होतं. परक्या शहरात तिला दुसरं कुणीच नव्हतं.

"आभार मानताना हात पुढे करायचा नसतो," ती म्हणाली. "ताट परत देताना वाढा म्हणतं का कुणी? आणि तूही बोलायचं नाहीस. शपथ घे."

मी शपथ घेतली.

शनिवारी ती गेली. सगळ्यांना मिठ्या मारल्या, मांजराचा निरोप घेतला, पण चिठ्ठी ठेवली नाही. आईनं उशीखाली पाहिलं, फुलदाणीखाली पाहिलं.

"सहा आठवडे! एक चिटोरंसुद्धा नाही!"

"दुसरी आई नको म्हणत होतीस ना?" बाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा, रुपेर्तो."

बुधवारी बसचा ड्रायव्हर एक पिशवी देऊन गेला. वाळलेल्या लाल मिरच्या, आणि खाली वहीची चार पानं. आईनं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"ओर्तेन्सियाबाई, सुखरूप पोचले. परीक्षेचा निकाल लागला, मी पास झाले. पोचल्याशिवाय पत्र लिहू नये असं आमच्याकडे म्हणतात, नाहीतर आभार वाटेतच सांडतात.

"तिसऱ्या दिवशी शेंगदाण्याचं सूप झालं. मी बटाटे बाजूला सारले ते तुम्ही पाहिलंत. त्यानंतर माझ्या वाटीत बटाटा कधी आला नाही आणि तुम्ही विचारलंही नाहीत. परीक्षेच्या सकाळी माझ्या पिशवीत सोललेलं संत्रं निघालं. निळ्या काठाचा कप माझ्याकडून फुटला. मी तसाच दुसरा आणून ठेवला. त्याचा काठ हिरवट आहे. तुम्ही दोन आठवडे त्यातूनच चहा प्यायलात. माफ करा.

"रुपेर्तोसाहेब, गाढवाचा विनोद चौथ्यांदा सांगितलात तेव्हा मी खरंच हसले. आधीच्या तीन वेळा खोटं. मिरच्यांच्या बिया तुमच्या खोकल्यासाठी काढल्यात. रोमिना, मला इंजेक्शनचा सराव करायचा होता तेव्हा तू संत्री धरून बसलीस आणि प्रत्येक वेळी 'आई गं' ओरडलीस. मांजराला सांगा, मी विचारल्याशिवाय कधी आत गेले नाही.

"आमच्या घरात अंजिराच्या बाजूला एक खाट आहे. ती तुमची. पिशवी परत पाठवू नका."

बस्स. मांडलेलं ताट जसं असतं तसं पत्र. नोएमीचं नाव कुठंच नाही. मी आ वासून बसले. पाच वर्षं मी जे शिकले त्यातलं काहीच त्यात नव्हतं.

"चारच वेळा?" बाबा म्हणाले. "मी तो सहादा सांगितलाय."

आई हसली नाही. तिनं पत्राची घडी केली, डब्याकडे गेली, डबा उघडला आणि परत बंद केला. पत्र एप्रनच्या खिशात घातलं.

"हिची पोर यंदा शाळा संपवतेय ना?"

मी शपथेमुळे छताकडे पाहत राहिले.

"विचारते मी, रोमिना."

"हो."

"कुठं राहणार आहे?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणे! कार्निव्हल झाला की वर्ग सुरू होतात. आजच लिही, खोली आहे म्हणावं. आणि बटाटे खाते का, विचार."

"गुडघ्यांचं काय?" बाबांनी विचारलं.

"गुडघे माझे आहेत."

पत्राला बसण्याआधी मी ती खोली झाडायला गेले. खिडकीचा पडदा कासिल्दानं दुमडून शिवायला घेतला होता. अर्धा झाला होता. सुई तशीच कापडात टोचलेली, दोरा लोंबत होता. मी सुई उचलली.

"राहू दे ते," दारातून आई म्हणाली. "लेक येऊन पुरा करेल."