अठ्ठावन्न मिनिटं

सासरी तेव्हा दोन जीपा होत्या, सेनगाव-हिंगोली लाईनवर चालायच्या. लग्नाच्या गाड्या ठरवायला थोरल्या दिरांनी मोबाईल घेतला होता, महिन्याला बिल येणारा. दुपारी तो घरात असायचा आणि त्यावरून माहेरी, साखऱ्याला, आईशी बोलायची मला मुभा होती. आईकडे फोन नव्हता. शेजारच्यांच्या मोबाईलवर लावायचा, त्यांनी हाक मारायची, मग ती यायची.

साखऱ्याला तेव्हा रेंज म्हणजे नशीब. आई "हॅलो, बाई, जेवलीस का?" म्हणायची की आवाज तुटायचा. पुन्हा लावायचा. "ऐकू येऊन राहिलं का?" "व्हय, बोल." पुन्हा तुटला. दोन वाक्यांचं बोलणं पाच-सहा तुकड्यांत व्हायचं.

त्या वर्षी दिरांनी जुनी जीप विकायला काढली. गिऱ्हाईक निघालं साखऱ्याचंच, माझ्या माहेरच्या गल्लीतलं. सौदा ठरला, इसार द्यायच्या दिवशी तो माणूस आलाच नाही. निरोप आला, इंजिन एकदा उघडलेलं आहे, आम्हाला नको. ही गोष्ट दिरांनी बाहेर कुणाला सांगितली नव्हती. घरात मात्र सगळ्यांना ठाऊक होती. मलाही.

त्याच आठवड्यात फोनचं बिल आलं.

थोरले दीर माझ्याशी थेट बोलत नसत. ओसरीवर बसून ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "विचार तिला. साखऱ्याच्या नंबरावर अठ्ठावन्न मिनिटं. येवढं काय बोलून राहिली माहेरी?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अठ्ठावन्न मिनिटांत लोक अख्खं घर विकून मोकळे व्हतात," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "मी जीपचं काहीच बोलले न्हाई."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन मी हिंगोलीला फोन कंपनीच्या दुकानात गेले. बिल चुकलं असेल, याचीच मला आशा होती. तिथली मुलगी कागद पाहून म्हणाली, "बिल बराबर आहे, ताई. समोरच्यानं फोन उचलला की मिनिट लागलं. नऊ सेकंद बोला नाहीतर साठ, एकच. एक मिनिट चार सेकंद झाले तर दोन. प्रत्येक कॉलचं आधी असं पुरं करायचं, मग बेरीज." शेजारच्या रकान्यात खरे सेकंद छापलेले होते, ते तिने बोटाने दाखवले.

मी तिथेच बाकावर बसून ते सेकंद मांडले. खरं बोलणं निम्मंच होतं. कितीतरी ओळी दहा-बारा सेकंदांच्या, एकाखाली एक, प्रत्येकीपुढे एक मिनिट. येताना जीपमध्ये मला हलकं वाटत होतं. नवराही म्हणाला, "मग तर झालं."

संध्याकाळी मी कागद सासऱ्यांपुढे ठेवला. "मामा, हे बघा. नऊ सेकंद. हे अकरा. हे सात. फोन तुटून राहिला म्हणून मी पुन्हा लावत व्हते. सात सेकंदांत माणूस काय सांगंल?"

त्यांनी चष्मा लावला, ओळी नीट वाचल्या. मग चष्मा काढून ठेवला.

"इंजिन उघडलंय," ते म्हणाले. "येवढं बोलायला किती सेकंद लागत्यात?"

दीर हसले. मी नवऱ्याकडे पाहिलं. दुकानात माझ्या शेजारी बसून सगळं ऐकलेला हा माणूस सुपारी कातरत राहिला.

त्या दिवसापासून फोन दिरांच्या खिशात गेला. तो मला मागायचा नव्हता, हे कुणी सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही. पावसाळ्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते मला ती दवाखान्यातून घरी आल्यावर कळलं. शेजारच्यांनी दोनदा फोन लावला होता म्हणे. दिरांनी "निरोप देतो" म्हटलं होतं.

जीप मग वाशिमकडच्या एका माणसाला कमी भावात गेली. दोन वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत हिंगोलीचा मिस्तरी नवऱ्याच्या शेजारी बसला होता. तोच इंजिन उघडणारा. सहज बोलता बोलता म्हणाला, "तो साखऱ्याचा माणूस माझ्याच गॅरेजला आला व्हता इचारायला. म्या काहून खोटं बोलू?"

नवऱ्याने हे मला रात्री सांगितलं. मी विचारलं, "थोरल्या दादांना सांगितलं का?"

"सांगितलं."

"मग?"

"म्हणाले, झालं गेलं."

पुढच्या महिन्यात मी माहेरी गेले तेव्हा आईला पहिल्यापासून सगळं सांगितलं, ते मिनिटांचं गणितसुद्धा. ती शेळीला पाला टाकत होती. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू फोन करत न्हाई म्हून मी शेजारणीपुढं तुलाच बोल लावत व्हते." मग पुन्हा वळून पाला टाकू लागली.