देवी तासभर थांबली असती

आमचा दादा गेला तेव्हा पावसाचा एक थेंबही पडलेला नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण लोक अजून विचारतात, "आभाळ भरलेलं दिसलं नाही का?" नाही दिसलं. बदलापूरच्या नदीवर लख्ख ऊन होतं.

दसऱ्याला आमच्या आळीच्या देवीचं विसर्जन. पाचसहा पोहणारे देवीला लाकडी पाटावर बसवून पोहत डोहापर्यंत न्यायचे आणि तिथे बुडवायचे. दादा सगळ्यांत पुढे. काठावर काका, माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. त्याचा जन्म नदीत मासे धरण्यात गेलेला. पोरं अर्ध्यावर पोचली आणि डोंगराकडे कुठेतरी गुरगुरलं. एवढंसंच. मला वाटलं, पुलावरून ट्रक गेला.

काका उठून उभा राहिला. "सोडा तो पाट. आधी भायेर या."

"काका, ढग तिकडं डोंगरावर आहे," दादा पाण्यातून हसत म्हणाला.

"आवाज हितं आला ना? मग वीजपण हितं येल. सपाट पाण्यावर तुझंच डोकं वर हाय."

बाकीचे निमूट वळले. दादा नाही वळला. देवीला अर्ध्या वाटेत सोडू नये, असं आमच्यात म्हणतात, आणि काठावर आई ओटीचं ताट घेऊन उभी होती. "एवढी नेऊन सोडतो, आलोच," म्हणाला. काकाने आम्हा सगळ्यांना काठावरच्या पिंपळाखालून हुसकावून शेजारच्या देवळात कोंबलं आणि दारातून त्याला हाका मारत राहिला.

वीज दादावर पडली नाही. त्याच्या पल्याड, पाण्यात पडली. पण पाण्यात पडलेली वीज एका जागी राहत नाही, पसरते. दादाने हात वर केला नाही, हाक मारली नाही. नुसता पालथा झाला. पुरातसुद्धा नदी पार करणारा आमचा दादा, पण शुद्धच गेल्यावर माणूस पोहणार कसा?

अजून कडकडत होतं. काकाने कोणालाही पाण्यात उतरू दिलं नाही. आई त्याच्या अंगावर धावून गेली. "तुझं पोर असतं तर?" त्यानंतर मरेपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. काका बरोबर होता, आणि त्या बरोबर असण्याचं त्याला काडीचं सुख नव्हतं. दर दसऱ्याला आमच्या उंबऱ्यावर आपट्याची पानं ठेवायचा आणि निघून जायचा.

दुसऱ्या दिवशी दादा खालच्या अंगाला सापडला. त्याच्या आधी देवी सापडली होती. कोणी न धरता, पाटासकट आपली आपण काठाला लागलेली. बांगड्या शाबूत, नुसता चेहरा विरघळलेला.

राग येतो मला, अजून येतो. शाडूची होती ती. काठावर ठेवली असती तर तासभर थांबली असती.