एक दात पुढं

आमचं गॅरेज परभणीत जिंतूर रोडला. आमचं म्हणजे उस्तादांचं. मी त्यांच्याच हाताखाली तयार झालो आणि तिथंच चिकटलो.

गंगाखेडच्या एका गुत्तेदारानं, म्हणजे ठेकेदारानं, मस्कतहून येताना जपानी मोटार आणली होती. उसाच्या हंगामात त्याच्या जीपा सतत पळायच्या. "ही गाडी नीट सांभाळा, जीपा बी तुमच्याकडंच लावतो," असं तो बोलला आणि माझा जीव खालीवर व्हायला लागला. त्या जीपा मला हव्या होत्या. सरळ सांगतो, लय हव्या होत्या.

उस्तादांचा एक रिवाज होता. गाडी आली की आधी तिचं तेल काढायचं आणि आपल्या पिंपातलं जाड तेल भरायचं. "परभणीचं ऊन हाय बाबा, पातळ तेल पाण्यावानी होतंय." पिंपाला झाकण म्हणून एक जुनं फडकं. ट्रॅक्टरला, जीपेला ते सगळं मानवायचं. मोटारीलाही तेच घातलं.

थोड्याच दिवसांत गुत्तेदार तणतणत आला. "उभी असली की इंजिन गोड चालायलंय, दामटली की पळायलीय. पण मधल्या चालीला दमच न्हाई! जरा चढ आला की मरगळतीय. अन् पेट्रोल नुसतं ढोसायलीय."

जीपेत इंजिनाचे व्हॉल्व्ह कधी उघडायचे, कधी मिटायचे, हे त्यांना ढकलणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, बसवतानाच कायमचं ठरतं. या गाडीला दोन कॅमशाफ्ट. एक हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा, एक धूर सोडणाऱ्यांचा. उस्तादांनी डोकं लावलं आणि आत घेणारा कॅम चेनवर एक दात पुढं बसवला, म्हणजे व्हॉल्व्ह जरा आधी उघडतील. मधल्या चालीला दम आला की! मी खूश. पण उभी केली की धडधडून बंद पडायची, अन् दामटली की गुदमरायची. कॅम मुकाट्यानं पहिल्या जागी बसवला.

"एक धरावं तर दुसरं सुटायलंय," उस्ताद म्हणाले.

मला चैन पडेना. जेवताना उठायचो, बॉनेट उघडून बघायचो, पुन्हा ताटावर बसायचो. धूर सोडणाऱ्या कॅमला साधं दातेरी चाक, अन् आत घेणाऱ्याला जाडजूड डब्यासारखं चाक, हे का? त्या कॅममध्ये तेल जायला भोकं होती. शेजारी वायर लावलेला एक छोटा विजेचा व्हॉल्व्ह. आणि एकदम टाळक्यात उजेड पडला. आम्ही हातानं सरकवत होतो तो कॅम ही गाडी चालता चालता स्वतःच सरकवते, तेलाच्या दाबानं! उभी असताना उशिरा उघडायचं, म्हणजे जळका धूर आत येणाऱ्या हवेत मिसळत नाही. मधल्या चालीला आधी उघडून आधी मिटायचं, म्हणजे आत घेतलेली हवा परत मागं ढकलली जात नाही. दम येतो, पेट्रोल वाचतं. लय दामटली की पुन्हा उशिरा, कारण जोरात आलेली हवा शेवटपर्यंत आत घुसत राहते.

चालू इंजिनावर त्या विजेच्या व्हॉल्व्हला थेट बॅटरी दिली. टक्क आवाज आला, पण इंजिन ढिम्म. उघडून पाहिलं तर त्याची बारीक जाळी फडक्याच्या धाग्यांनी आणि गाळानं बुजलेली. जाळी धुतली, पातळ, स्वच्छ तेल भरलं, पुन्हा बॅटरी दिली. उभी गाडी थरथरली, अडखळली. कॅम हलला! एक दात पुढं बसवल्यावर उभी गाडी धडधडायची, अगदी तसंच. मी टाळी वाजवली.

त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. जिंतूर रोडला दूरवर फिरवून आणली. मधल्या चालीला काय ओढ होती, व्वा!

उस्तादांना मी बजावलं, "तेलाचं काही बोलू नका. जाळी तुंबली होती, एवढंच सांगा. खोटं थोडंच हाय?"

गुत्तेदार आला, फेरी मारून हसत उतरला. अन् उस्ताद म्हणाले, "मालक, चूक माझी. आमचं जाड तेल अन् आमचं फडकं नडलं."

गुत्तेदाराचा चेहरा उतरला. "म्हंजी तुमीच बिघडवली?" जीपांचं नाव न काढता तो निघून गेला.

माझं डोकं फिरलं. "काय गरज होती उस्ताद? हातातोंडाशी आलेला घास घालवला!"

"अन् उद्या दुसऱ्या कुनी जाड तेल घातलं तर? गुत्तेदाराला कळाय नको?"

मी रागानं हात पुसले. 

जीपा कधीच आल्या नाहीत. पण पुढच्या वर्षी मोटार आली, फक्त तेल बदलायला. ड्रायव्हरच्या काखेत पातळ तेलाचा सीलबंद डबा. "मालकानं सांगितलंय, हेच घाला. तुमचं नको म्हणाले."

मी चरफडलो. उस्तादांना मात्र हसू आवरेना. "बघ, शिकला की रे मानूस!" म्हणाले, आणि बाही वर सारून स्वतः गाडीखाली शिरले.